अभिप्रायाच्या कार्डावरची एक ओळ: माझा अनुभव

सांगलीत आमचं मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. दुरुस्ती नवरा करतो, हिशेब आणि घरपोच पोहोचवणं माझ्याकडे. दुरुस्त मिक्सरबरोबर गूगलवर अभिप्राय लिहायची विनंती करणारं छोटं कार्ड द्यायचं ठरवलं. आकार, कागद, मजकूर सगळं एका संध्याकाळी झालं. त्यानंतरचे तीन आठवडे गेले ते लिंकच्या एका ओळीत, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

क्यूआर का नाही, असं सगळे विचारतात. दुरुस्तीचे पैसे आम्ही क्यूआरवरच घेतो. त्यामुळे कार्डावर दुसरा क्यूआर दिसला की गिऱ्हाईक म्हणतं, "पैसे दिले की मगाशी!" म्हणून बघून टाइप करता येईल अशी लिंक हवी होती.

दुकानाच्या गूगल प्रोफाइलमधून अभिप्रायाची लिंक मिळते. ती `g.page/r/` ने सुरू होते आणि पुढे लहान-मोठ्या अक्षरांची लांब माळ असते. ती मी लहान करून घेतली. शेवटचा भाग आपोआप मिळाला: `4kIlO0w`. मोबाइलवर दाबून पाहिली, उघडली, लगेच छापखान्यात व्हॉट्सअॅप केली.

घोळ तिथे झाला. डीटीपीवाल्यांकडचे बरेच जुने मराठी फॉन्ट असे असतात की त्यात इंग्रजी मजकूर चिकटवला की भलतीच मराठी चिन्हं दिसतात. तेवढ्या ओळीचा फॉन्ट बदलला की मूळ अक्षरं परत दिसतात. आमच्या माणसाने तसं न करता लिंक नजरेने बघून पुन्हा टाइप केली. कॅपिटल आयच्या जागी लहान एल पडला. साध्या इंग्रजी फॉन्टमध्ये दोन्ही म्हणजे नुसती उभी रेघ! शून्य आणि ओ तसेच शेजारी शेजारी. अशा लिंकमध्ये लहान आणि मोठं अक्षर वेगळं धरलं जातं, त्यामुळे एका अक्षराने सगळं बिघडतं. प्रूफ मी दोनदा वाचलं, पण डोळ्यांना काही वेगळं दिसलंच नाही.

हजार कार्डं आली. आठ दिवसांत साठेक वाटली आणि एकही अभिप्राय आला नाही. शेवटी शिकवणी घेणाऱ्या एका बाईंचा फोन आला, "अगं, ते पान सापडत नाही म्हणतंय." त्यांच्याकडे जाऊन त्यांच्याच फोनवर कार्ड बघून एकेक अक्षर टाइप केलं, तेव्हा कळलं. शिवाय लिंकला चिकटून वाक्याचा पूर्णविराम छापला होता, तोही त्यांनी टाइप केला होता. छापखान्यात गेले तर उत्तर मिळालं, "वहिनी, प्रूफ तुम्हीच ओके केलंत." दुसऱ्यांदा छपाईचे पैसे मला भरायचे नव्हते.

दुकानात मी लिंक तपासली होती, कार्ड तपासलं नव्हतं. आता कागदावर काढलेलं प्रूफ शेजारच्या मुलाच्या हातात देते आणि त्याच्या फोनवर, त्याच्या खात्यातून टाइप करायला लावते. त्याच्यासमोर आमच्या दुकानाचं नाव आणि रिकामे तारे दिसले, तरच ओके.

नवीन लिंकचा शेवट मी स्वतः निवडला. लहान करणाऱ्या बऱ्याच सेवांमध्ये तशी सोय असते. सगळी लहान अक्षरं, आकडा नाही, फोनवर तोंडी सांगता येईल असा शब्द. ती वेगळ्या ओळीत, मोठ्या टायपात, मागेपुढे कोणतंही चिन्ह न ठेवता. आधीची कार्डं फेकली नाहीत. ए-फोर स्टिकर शीटवर नवी ओळ एकाखाली एक अशी पुन्हा पुन्हा छापून घेतली, पट्ट्या कापल्या आणि चुकीच्या ओळीवर चिकटवल्या. रात्री जेवणं झाल्यावर चार दिवस हेच काम चाललं होतं.

मजकुराचं सांगायचं राहिलं. पहिल्या मसुद्यात "पाच तारे द्या, पुढच्या वेळी 50 रुपये सूट" असं होतं. ते काढलं, कारण अभिप्रायाच्या बदल्यात सूट देणं गूगलच्या नियमात बसत नाही. खूश गिऱ्हाइकांनाच निवडून कार्ड देणंही बसत नाही, म्हणून आम्ही सगळ्यांना देतो. आता कार्डावर एवढंच आहे: "दोन दिवस वापरून बघा. जसं वाटलं तसं लिहा." खाली रिकामी ओळ आहे. त्यावर मी हाताने लिहिते, "कपलर आणि कार्बन ब्रश बदलले", आणि तारीख. काय लिहायचं ते लोकांना सुचत नाही. ही ओळ समोर असली की अभिप्रायात नेमकं काम येतं, आणि ते वाचताना मला फार बरं वाटतं.

त्या ओळीसाठी चकचकीत लॅमिनेशन घेऊ नका, त्यावर बॉलपेन उठत नाही. आमची पहिली हजार तशीच आहेत, त्यामुळे ती संपेपर्यंत मी मार्कर वापरतेय.