दर पौर्णिमेला ग्रहण लावणारी फाइल

शाळेच्या विज्ञानाच्या तासासाठी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये चंद्रकला आणि चंद्रग्रहणाचं ॲनिमेशन करायचं होतं. कलांचं काम पटकन उरकलं, कारण चंद्र नेहमी अर्धा उजळलेलाच असतो. कॅमेरा पृथ्वीवर ठेवला की कला आपोआप दिसतात. डोकं खाल्लं ते हाताशी दिलेल्या एका तयार फाइलीने. ‘यातच थोडे बदल करा’ असा आग्रह होता, आणि त्या फाइलीत दर पौर्णिमेला ग्रहण लागत होतं!

बरं, चंद्राच्या कक्षेला 5.1 अंशांचा कल तर दिलेला होता. मग बिघडलं कुठे? कक्षेचा Parent, म्हणजे ती जिच्यामागे हलते ती वस्तू, पृथ्वीला सूर्याभोवती फिरवणारा अक्ष होता. पृथ्वी सूर्याभोवती फिरली की कलही तिच्यासोबत वळायचा आणि पातरेषा वर्षभर सूर्याकडेच रोखलेली राहायची. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीला छेदते ते दोन बिंदू म्हणजे पात, त्यांना जोडणारी ती पातरेषा; ती सूर्याकडे रोखलेली असली की पौर्णिमेचा चंद्र पातावर, म्हणजे थेट सावलीत येतो. प्रत्यक्षात पातरेषा आपली दिशा जवळपास तशीच ठेवते, 18.6 वर्षांत एक फेरी, म्हणजे वर्षभराच्या ॲनिमेशनमध्ये दुर्लक्ष केलं तरी चालतं. त्या फाइलीत चंद्राची फेरी 29.53 दिवसांची होती, त्यामुळे कला अगदी बरोबर यायच्या आणि चूक कुणाच्या नजरेस पडत नव्हती.

मी Parent काढून टाकला. कक्षेच्या Empty ला, म्हणजे न दिसणाऱ्या आधार-वस्तूला, पृथ्वीची फक्त जागा दिली (Copy Location), वळण नाही. कल त्या Empty वर ठेवला, त्याच्या आत दुसरा Empty फिरवला, तो 27.32 दिवसांत एक फेरी. तेवढ्यात पृथ्वीही पुढे सरकलेली असते, म्हणून दोन पौर्णिमांमधलं अंतर मग आपोआप 29.53 दिवस येतं. ते तसं आलं नाही, तर वळण अजून कुठून तरी झिरपतंय असं समजा.

पडताळ्यासाठी 7 सप्टेंबर 2025 चं खग्रास ग्रहण घेतलं. त्या दिवशी चंद्र पाताजवळ. पुढच्या पौर्णिमेला तो पृथ्वीच्या सावलीच्या मध्यापासून सुमारे 17,000 किलोमीटर दूर गेला. तिथे गडद सावलीची त्रिज्या जेमतेम 4,600, त्यामुळे ग्रहण नाही. सहाव्या पौर्णिमेला, 3 मार्च 2026 ला, चंद्र पुन्हा सावलीत. हे पाहून जीव भांड्यात पडला.

अंतराचा मोह मात्र टाळा. पृथ्वीचा व्यास 1 धरला, तर चंद्र 30 वर हवा. पडद्यावर मावावा म्हणून तो 5 वर आणला, की 5.1 अंशांनी तो जास्तीत जास्त 0.44 वर-खाली सरकतो आणि जवळजवळ दरवेळी सावलीत सापडतो. जवळ आणायचाच असेल, तर कल 30 अंशांच्या पुढे न्या आणि तसं पडद्यावर लिहा.

सन लाइटचा Angle, म्हणजे सूर्याची कोनीय रुंदी, 0.53° हवा, नाहीतर सावली निमुळती होत नाही. आणि हो, कीफ्रेम Linear करा. ब्लेंडरच्या मूळ सेटिंगमध्ये चंद्र सुरुवातीला आणि शेवटी मंदावतो, तारखा चुकतात.