आईचा डबा

आज सांगलीत आईसाठी दोन ठिकाणचे डबे मागवले. दोघांनाही "मीठ कमी, चपाती मऊ" असं सांगितलं होतं. डबे साडेअकराला आले, पण आई जेवते एकला, म्हणून तेव्हाच उघडले. पहिल्याच्या चपात्या तोवर वातड झालेल्या. आईने कवळीने दोन घास कसेबसे चावले आणि उरलेली आमटीत कुस्करली. दुसऱ्याच्या फडक्यात गुंडाळलेल्या, घडी मोडली तरी तुटल्या नाहीत. गवार मात्र शिरांसकट!

मिठाचं गणित वेगळंच. दुसऱ्याची आमटी खरंच बेताच्या मिठाची, पण सोबत लोणचं, पापड आणि सांडगी मिरची. दिवसभराचं सगळं मीठ मिळून 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर हवं. त्यातलं बरंच इथंच संपायचं.

मग आठवड्याचा मेनू मागितला. पहिल्याकडे तीन दिवस "मिक्स भाजी", म्हणजे बटाटाच. दुसऱ्याकडे दुधी, दोडका, मुगाची खिचडी. दुसराच लावला. लोणचं-पापड बंद, गवारीच्या दिवशी लाल भोपळा. डबेवाल्या ताई लगेच हो म्हणाल्या.

आई फुगून बसलीये. "लोणच्याची एक फोड तरी ठेवायचीस गं!"