डब्याचा दर ९५ कसा निघाला: सीमांत प्राप्ती आणि सीमांत खर्चाचा हिशेब

कर्वेनगरातल्या एका घरगुती मेसच्या डब्याचा दर मी मागणीच्या समीकरणावरून काढला. पुस्तकात हे गणित चार ओळींत संपतं. प्रत्यक्षात त्यातल्या दोन जागी वेळ जातो: समीकरण विश्वासाचं करण्यात, आणि सीमांत खर्चात नेमकं काय धरायचं हे ठरवण्यात.

सुरुवात मागणीपासून. जुलैचे तीन आठवडे डबा ८० रुपयांना होता, तेव्हा दिवसाला सरासरी १२० डबे गेले. ऑगस्टमध्ये गणपतीच्या आधीचे तीन आठवडे दर ९० ठेवला, तेव्हा १०० गेले. दहा रुपयांनी २० डबे कमी झाले, म्हणजे रुपयामागे दोन. त्यावरून, दिवसाचे डबे Q आणि दर P धरून:

```
Q = २८० − २P
P = १४० − Q/२
```

दुसरी ओळ पहिलीच उलटी मांडलेली आहे, पण पुढचं सगळं काम तिच्यावरच होतं.

दोन्ही आकडे कॉलेज नीट चालू असतानाचे हवेत, यावर मी अडून बसलो. समजा ९० चा आकडा दिवाळीच्या सुट्टीत घेतला असता आणि मुलं गावी गेल्यामुळे ७० च डबे भरले असते. मग मागणीची रेघ रुपयामागे पाच डब्यांची दिसली असती आणि पुढच्या हिशेबाने दर ७४ निघाला असता. गिऱ्हाईक दरामुळे गेलं की सुट्टीमुळे, हे समीकरणाला कळत नाही. ते आपणच आधी वेगळं करावं लागतं.

आता खर्च. सीमांत खर्च म्हणजे आणखी एक डबा भरला तर वाढणारा खर्च, तेवढाच. शिधा ३१ रुपये, गॅस ५, पेट्रोल २. पोळ्या लाटणाऱ्या ताईंना पोळीमागे दीड रुपया मिळतो, डब्यात चार पोळ्या, म्हणून ६. एकूण ४४. भाजी-आमटी करणाऱ्या बाईंना मात्र महिन्याचा पगार आहे. डबे वाढले म्हणून तो वाढत नाही, त्यामुळे तो इथे येत नाही. स्वयंपाक दोघीही करतात, पण एकीची मजुरी सीमांत खर्चात आणि दुसरीची स्थिर खर्चात जाते. स्थिर खर्च रोजचा २००० पडतो: जागेचं भाडं ७००, बाईंचा पगार ५००, आणि डबे पोचवणाऱ्या दोन मुलांचे प्रत्येकी ४००.

मेस चालवणाऱ्या काकूंचा पहिला प्रश्न हाच होता, "भाडं डब्यात नको का धरायला?" त्यांच्या वहीत भाडं-पगार १०० डब्यांत वाटून डब्यामागे २० रुपये लावलेले होते, म्हणजे डबा ६४ ला पडतो. हा ६४ चा आकडा सीमांत खर्च म्हणून वापरला तर दर १०२ निघतो आणि रोजचे २०० रुपये हातचे जातात. भाडं वसूल व्हायलाच हवं, पण ते शेवटी एकूण नफ्यातून वजा होतं. दर कितीही ठेवला तरी ते तेवढंच राहतं, म्हणून दर ठरवताना त्याचा काही उपयोग नाही.

एकूण प्राप्ती म्हणजे दर गुणिले डबे. तिचं Q च्या संदर्भात अवकलन केलं की सीमांत प्राप्ती, म्हणजे आणखी एक डबा विकल्यावर वाढणारी प्राप्ती, मिळते:

```
TR = १४०Q − Q²/२
MR = १४० − Q
```

सीमांत प्राप्ती दरापेक्षा कमी का, हे १०१ व्या डब्यावर पाहावं. १०० डबे ९० रुपयांना जातात. आणखी एक खपवायचा तर दर ८९.५० करावा लागतो, आणि तो सगळ्यांनाच लागू होतो. नव्या डब्याचे ८९.५० आले, पण आधीच्या शंभरांवर प्रत्येकी पन्नास पैसे, म्हणजे ५० रुपये गेले. हातात उरले ३९.५०. (सूत्र ४० सांगतं, ते अखंड रेघेवर चालतं आणि आपण पूर्ण डबे मोजतो, म्हणून अर्ध्या रुपयाचा फरक.) त्या डब्यावर खर्च ४४, म्हणजे साडेचार रुपये तोटा. ९० रुपयांना विकलेला प्रत्येक डबा फायद्याचा दिसत असतानाही १०१ वा नको, तो यामुळे.

म्हणून सीमांत प्राप्ती आणि सीमांत खर्च बरोबरीत आणायचे:

```
१४० − Q = ४४
Q = ९६
P = १४० − ९६/२ = ९२
```

इथे हमखास होणारी चूक म्हणजे ९६ हा आकडा मागणीच्या समीकरणाऐवजी सीमांत प्राप्तीच्या समीकरणात घालणं. उत्तर ४४ येतं. दर आणि सीमांत खर्च सारखेच निघाले की समजावं, चुकीच्या ओळीत आकडा गेला. दुसरी चूक म्हणजे एकूण प्राप्तीचं P च्या संदर्भात अवकलन करून ते शून्य धरणं. त्याने दर ७० येतो. तिथे गल्ला सर्वात मोठा, रोजचा ९८००, पण १४० डब्यांचा खर्च वजा केला की ३६४० उरतात. ९२ ला गल्ला ८८३२ चाच असतो आणि उरतात ४६०८.

रेघ सरळ आणि सीमांत खर्च कायम असेल तर उत्तर तोंडी पडताळता येतं. मागणी शून्य होते तो दर १४०, सीमांत खर्च ४४, दोघांच्या बरोबर मधे ९२. यातून आणखी एक गोष्ट कळते. शिधा-गॅस डब्यामागे सहा रुपयांनी महागला तर दर तीनच रुपयांनी वाढवायचा. बाकीचे तीन सोसलेले परवडतात, गिऱ्हाईक गमावलेलं त्याहून महाग पडतं.

पण ९२ वर थांबायचं नव्हतं. एक मुलगा दोन फेऱ्यांत ९० डबे पोचवतो, त्यापुढे दुसरा लागतो. म्हणजे ९१ व्या डब्याला खर्च ४४ नाही, ४४ अधिक ४०० आहे. अशी पायरी अवकलनाला दिसत नाही, ती हाताने तपासावी लागते. ९० डबे खपवणारा दर ९५. तिथे डब्यामागे ५१ प्रमाणे ४५९० उरतात, ९२ च्या दरापेक्षा फक्त १८ रुपये कमी, आणि दुसऱ्या मुलाचे ४०० वाचतात. स्थिर खर्च वजा जाता ९२ ला नफा २६०८, ९५ ला २९९०. नफ्याचा डोंगर माथ्यावर सपाट असतो, म्हणून थोडं बाजूला सरकायला जवळजवळ काही पडत नाही.

जोखीम एकच. आपण पाहिलेले दर ८० आणि ९०; ९५ त्यांच्या बाहेर आहे आणि तिथे रेघ तशीच सरळ जाईल असं धरून चाललो आहोत. म्हणून काकूंच्या वहीत दराशेजारी आणखी एक आकडा लिहून दिला: ८३. जुन्या ९० च्या दराला दोन मुलांसह रोज २६०० सुटत होते. ९५ ला एका मुलावर ८३ डबे गेले तरी २६३३ सुटतात, ८२ झाले की २५८२. महिनाभराची सरासरी ८३ च्या खाली गेली तर परत ९० करायचं, आणि तिसरा आकडा हाती आला म्हणून रेघ नव्याने काढायची.