सीसॅटमध्ये अडकलेल्या मित्राला काय बोलायचं?

«मित्राची राज्यसेवा पूर्व गेली. जीएस चांगलं होतं, सीसॅटमध्ये अडकला. त्याला काय बोलू?»

दर निकालानंतर हे विचारलं जातं आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एक वाक्य हवं असतं. तसं वाक्य माझ्याकडे नाही. पेठेत फिरणारी जी वाक्यं आहेत, त्यांतलं सगळ्यात वाईट मात्र सांगता येईल: «अरे, सीसॅट तर नुसता क्वालिफाइंग!» बोलणाऱ्याला वाटतं आपण ओझं हलकं केलं. ऐकणाऱ्याला कळतं ते एवढंच, की जे सगळ्यांना जमतं ते तुला जमलं नाही.

त्याचं नेमकं काय गेलं, हे आधी समजून घ्या. सीसॅट म्हणजे पूर्वचा पेपर दोन. त्यात 80 प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण, चुकलं की त्या गुणांचा पाव भाग वजा, म्हणजे 0.625. पास व्हायला 200 पैकी 66. आता असा एक जण धरा, ज्याने 50 प्रश्न सोडवले. पहिल्या उत्तरतालिकेप्रमाणे 30 बरोबर, 20 चूक. 75 मधून साडेबारा गेले, उरले 62.5. जीएसमध्ये क्लासवाले सांगत होते त्या कट-ऑफच्या तो बराच वर. दोन उत्तरांवर हरकती गेलेल्या आहेत, दोन्ही मान्य झाल्या तर तो आत. म्हणून तो थांबत नाही, मुख्यचं लेखन सुरू करतो. मुख्य आता वर्णनात्मक आहे, वह्या भरायला लागतात. अंतिम उत्तरतालिका येते आणि दोनातली एकच हरकत मान्य होते. 31 बरोबर, 19 चूक, 65.625. निकालाची पीडीएफ उघडून तो आपला बैठक क्रमांक शोधतो, खरं तर तो नसणार हे माहीत असूनही.

आता «अवघे पॉइंट सदतीस कमी पडले रे» म्हणून पाहा. त्याने तो हिशोब तुमच्या कितीतरी आधी केलेला असतो, आणि पुढचाही: अंदाजाने ठोकलेल्या उत्तरांपैकी एक चुकलेलं नुसतं कोरं सोडलं असतं तर 66.25 झाले असते. थोडक्यात गेलं म्हणून दुःख थोडं होत नाही, उलट बोट ठेवायला जागा मिळते. रात्री दोन वाजता तो त्याच गोळ्यावर बोट ठेवून बसलेला असतो. तुम्ही तिथे बोट ठेवू नका. त्याने स्वतः प्रश्नपत्रिका काढून दाखवली तर मात्र बघा, टाळू नका, आणि «हो, हा एकच सोडला असतास तर निघाली असती» हे तो म्हणाला तर «हो» म्हणा. खोटं समजावू नका.

मग करायचं काय? मेसेज नको, जा. अभ्यासिकेत नाही, तिथे ज्यांची निघाली ते बसलेले असतात. खोलीवर जा, चहाला बाहेर काढा. «घरी सांगितलंस का?» एवढं विचारा. नसेल सांगितलं तर फोन करताना शेजारी बसायला तयार आहात हे सांगा. फोन तुम्ही करू नका. घरच्यांना सीसॅट समजावणं हे त्याच्यासाठी निकालाइतकंच जड काम असतं, कारण तिकडून पुन्हा तोच प्रश्न येतो: गणिताचाच पेपर ना? तोही नाही? मुख्यच्या वह्यांबद्दल «वाया जाणार नाही» म्हणू नका. वर्षभराने त्या कामी येतीलही, आज त्या वाया गेलेल्याच आहेत.

«पुढच्या वेळी» हा शब्द काढण्याआधी त्याचं वय आठवा. खुल्या प्रवर्गात 38 नंतर पुढची वेळ नसते, आणि घरून मिळालेली मुदत त्याच्या कितीतरी आधी संपलेली असू शकते.

इथे मला लोक अडवतात. म्हणतात, नुसतं सोबत बसून काय होणार, संयुक्त परीक्षेचा फॉर्म निघालाय, तारीख जाईल. बरोबर आहे, तारीख जाते. पूर्वी माझं मत होतं की आठवडाभर कामाचं काहीच बोलू नये. आता ते तितकं ठाम राहिलेलं नाही. तारीख तुम्ही लिहून ठेवा आणि शेवटच्या दिवसाच्या दोन दिवस आधी एकदाच सांगा. त्याने नाही म्हटलं तर विषय तिथेच सोडा.

सीसॅटचं विश्लेषण, म्हणजे चुका उताऱ्यांत झाल्या की अंकगणितात, किती उत्तरं खात्रीची आणि किती ठोकलेली, हे उपयोगी आहेच. पण ते त्याने मागितल्यावर. काही जण कधीच मागत नाहीत, पेटी भरून गावी जातात, आणि तेव्हा तुम्ही बरोबर वागलात की कमी पडलात हे मलाही सांगता येत नाही. स्टँडवर सोडायला मात्र जा. पुस्तकांची पेटी एकट्याला उचलत नाही.