मसुद्यांची फाईल घेऊन समितीपुढे गेले तेव्हा

स्थलांतरावरचा माझा सुमारे 2,400 शब्दांचा निबंध एआयने लिहिलेला असावा, असा निष्कर्ष महाविद्यालयाच्या तपासणी सॉफ्टवेअरने काढला आणि चार दिवसांनी समितीपुढे येण्याची सूचना मला मिळाली. ओपनएआयने स्वतःचे असेच ओळखण्याचे साधन जानेवारी 2023 मध्ये आणून अचूकता कमी असल्याच्या कारणावरून त्याच वर्षी जुलैत मागे घेतले होते, हे मी निवेदनात एका ओळीत नमूद केले. त्याहून अधिक नाही, कारण सॉफ्टवेअर चुकते एवढ्याने निबंध माझा ठरत नव्हता.

निबंध गूगल डॉक्समध्ये लिहिला होता. मूळ फाईलला हात न लावण्याची काळजी मी पहिल्यापासून घेतली; मजकूर केव्हा, कसा बदलत गेला याचा इतिहास तिच्यातच असतो, तिची प्रत काढली तर तो प्रतीबरोबर येत नाही आणि वर्डमध्ये उतरवलेल्या फाईलमध्येही तो नसतो. केवळ वाचण्याची परवानगी असलेल्याला हा इतिहास, म्हणजे Version history, दिसत नाही, म्हणून समितीला नुसता दुवा न पाठवता मी माझाच लॅपटॉप घेऊन गेले.

इतिहास स्वतः तपासताना मात्र माझ्या पोटात गोळा आला. तिसरा भाग, जवळजवळ 640 शब्द, रात्री अकराच्या सुमारास एकदम अवतरलेला दिसत होता. तो मी प्रवासात मोबाईलच्या नोंदवहीत लिहून नंतर चिकटवला होता, आणि त्या नोंदवहीत शेवटच्या बदलाची तारीख तेवढी उरली होती. ही जागा कोणी दाखवून देण्यापूर्वी आपणच सांगावी असे ठरवून मी मोबाईलवरील अर्धवट, संक्षेपांनी भरलेला मजकूर आणि ग्रंथालयात हाताने काढलेली तीन पाने, पुस्तकांच्या पृष्ठक्रमांकांसह, समितीपुढे न्यायच्या फाईलमध्ये सर्वांत वर लावली.

समितीतील एका मॅडमनी नेमका प्रश्न विचारला: ‘‘टायपिंग दिसते आहे, पण तयार मजकूर समोर ठेवून तुम्ही तो उतरवून काढला नाही, हे कशावरून?’’ प्रश्न रास्त होता. उतरवून काढणारा साधारणपणे वरून खाली सरळ टंकत जातो. माझ्या इतिहासात दुसऱ्या आठवड्यात शेवटचा परिच्छेद उचलून प्रस्तावनेखाली आला होता, आणि मार्गदर्शक सरांनी समासात घेतलेल्या एका आक्षेपानंतर सुमारे 400 शब्द पुसले जाऊन त्या जागी जवळपास उलट मत आले होते. मी त्या दोन आवृत्त्या एकामागून एक उघडल्या आणि ते मत का बदलले हे कागद न पाहता सांगितले. माझ्या मते खरे वजन त्या सांगण्यालाच पडले, कारण उतरवणारा लबाड असला तर परिच्छेदांची हलवाहलवही मुद्दाम करू शकतो.

त्यानंतर त्यांनी तिसऱ्या भागातील दोन संदर्भांविषयी तोंडी विचारले आणि हस्तलिखित पाने उलटून पृष्ठक्रमांक ताडून पाहिले. गुण कायम राहिले. इतिवृत्तात मात्र तिसऱ्या भागाबाबत वेगळी नोंद झाली: आवृत्ती इतिहास अपुरा, हस्तलिखित टिपणांच्या आधारे ग्राह्य.