डॉलरपासून पैशापर्यंत : आमची वाटचाल

सांगलीच्या विश्रामबागेतल्या घराच्या पुढच्या खोलीत २०१९ साली मी परदेशी दुकानदारांसाठी संकेतस्थळे बांधून देण्याचे आणि ती सांभाळण्याचे काम सुरू केले. पहिली दोन वर्षे मी एकटाच होतो. हिशेब म्हणून माझ्याकडे एक वही होती आणि तिच्यात बँकेत जे रुपये जमा होत तेवढेच मी उत्पन्न म्हणून लिहीत असे. ग्राहकाने किती डॉलर दिले, काम मिळवून देणाऱ्या मंचाने त्यातून किती कापले आणि उरलेल्या डॉलरचे रुपये कोणत्या दराने झाले, हे तीन प्रश्न त्या वहीत कुठेच नव्हते. जमा झालेल्या रुपयांना बिलातल्या डॉलरने भागायचे आणि जो आकडा येईल तो त्या दिवशीचा दर समजायचा, ही माझी रीत होती. दर नेहमीच बाजारापेक्षा बराच कमी निघे आणि मी तो परदेशी व्यवहाराचा रिवाज म्हणून सोडून देत असे.

२०२१मध्ये माझी थोरली बहीण या कामात आली. ताईने चौदा वर्षे एका पतसंस्थेत रोजकीर्द लिहिली होती आणि संध्याकाळी शिल्लक पैशापर्यंत जुळल्याखेरीज तिथून कोणी घरी जात नसे. माझी वही पाहून तिने पहिला प्रश्न विचारला, “अरे, ही विक्री आहे की विक्रीतून उरलेली रक्कम?” त्याच आठवड्यात आमच्या सीएंनीही हेच विचारले. वस्तू आणि सेवा कराच्या नोंदणीसाठी सेवा देणाऱ्यांना जी २० लाखांची वार्षिक मर्यादा आहे, तिच्यात ग्राहकाला लावलेली पूर्ण बिलाची रक्कम मोजली जाते आणि निर्यातही त्यात धरली जाते. मंचाचे कमिशन वजा जाऊन हाती आलेले रुपये तिथे चालत नाहीत. मी वहीत जे लिहीत होतो ते आमच्या विक्रीपेक्षा सातत्याने कमी होते आणि मर्यादेच्या जवळ आल्याचे मला त्यावरून कधीच कळले नसते.

ताईने घालून दिलेली पद्धत आजही आमच्याकडे चालते. तिचे सूत्र असे की जी कपात ज्या चलनात झाली ती त्याच चलनात जुळवायची. डॉलरची बाजू सेंटपर्यंत जुळली पाहिजे, रुपयांची बाजू पैशापर्यंत जुळली पाहिजे आणि दोन्हींच्या मध्ये दराचा एकच पूल असला पाहिजे. या दोन बाजू मिसळून एकदम भागाकार केला, की कमिशन, बँकेचे शुल्क आणि दरातली तफावत हे सगळे एका खोट्या दरात विरघळून जाते आणि मग काहीच शोधता येत नाही.

मे २०२४मधला एक मेळ इथे सविस्तर सांगतो. मंचावर आमची तीन बिले चुकती झाली : ५००, ३२० आणि १८० डॉलर, म्हणजे एकूण १,००० डॉलर. मंचाचे कमिशन दहा टक्के, म्हणून १०० डॉलर गेले. तोवर आमची जीएसटी नोंदणी नव्हती, त्यामुळे त्या कमिशनवर मंच १८ टक्के कर आमच्याकडूनच घेत असे. ते आणखी १८ डॉलर. हा कर बिलाच्या रकमेवर नसून कमिशनवर असतो, हे लक्षात न आल्यामुळे “दहा टक्के सांगून ११.८ टक्के का कापतात” या कोड्यात मी पूर्वी बरेच महिने घालवले होते. तिन्ही बिलांचे मिळून ८८२ डॉलर उरले. त्याच महिन्यात एका ग्राहकाला आम्ही २० डॉलर परत केले. तेव्हा मंचाने त्या रकमेवरचे २ डॉलर कमिशन आणि ३६ सेंट कर आम्हाला माघारी दिला, म्हणजे आमच्या शिलकीतून प्रत्यक्षात १७.६४ डॉलरच गेले. मागील महिन्याची शिल्लक ३७.४० डॉलर होती. ३७.४० अधिक ८८२ वजा १७.६४ म्हणजे ९०१.७६, आणि मंचाच्या पडद्यावरची शिल्लकही तेवढीच होती. इथपर्यंत रुपयाचा उल्लेखसुद्धा करायचा नाही, असा ताईचा दंडक आहे, कारण मागची शिल्लक आणि परतावा या दोन गोष्टी सुटल्या की पुढे कोणताही दर जुळत नाही आणि माणूस चूक बँकेत शोधत बसतो.

त्यातून आम्ही ८५० डॉलर काढले. काढण्याचे शुल्क १ डॉलर, म्हणून रूपांतरासाठी ८४९ डॉलर गेले आणि मंचावर ५१.७६ उरले. बँकेत ६९,७४५ रुपये ३५ पैसे आले. त्यांना ८४९ने भागले तर ८२.१५ हा दर नेमका मिळतो, आणि भागाकार नेमका येणे हीच मधे आणखी कोणी काही कापले नसल्याची खूण आहे. ८२.१४७३सारखा विचित्र आकडा आला असता, तर रुपयांच्या बाजूला एखादे शुल्क दडले आहे असे आम्ही समजलो असतो.

त्या दिवशीचा संदर्भ दर, म्हणजे बाजारातल्या व्यवहारांवरून काढलेला डॉलरचा अधिकृत दर, ८३.४० होता. हा दर जुलै २०१८पासून एफबीआयएल ही संस्था जाहीर करते. त्यापूर्वी तो रिझर्व्ह बँक देत असे. त्या दराने ८४९ डॉलरचे ७०,८०६ रुपये ६० पैसे झाले असते. म्हणजे १,०६१ रुपये २५ पैसे, सुमारे दीड टक्का, रूपांतराच्या दरातच गेले होते आणि कोणत्याही पावतीवर ‘शुल्क’ म्हणून त्यांचा उल्लेख नव्हता. एक काळजी इथे घ्यावी लागते. तुलना करायची ती पैसे काढण्याचा आदेश दिला त्या दिवसाच्या दराशी, कारण बहुधा दर तेव्हाच पक्का होतो. रक्कम खात्यात येते तो दिवस सोमवारचा असला तरी दर शुक्रवारचा असू शकतो. शिवाय संदर्भ दर दिवसातून एकदाच जाहीर होतो आणि बाजार दिवसभर हलत असतो, म्हणून हा दीड टक्का आम्ही अंदाज म्हणूनच लिहितो आणि दोन-चार पैशांच्या फरकावरून कोणाशी वाद घालत नाही.

बँकेतून थेट येणाऱ्या पैशांचा मेळ याहून अवघड निघाला. मेअखेरीस आम्ही एका जुन्या ग्राहकाला १,२०० डॉलरचे बिल लावले. त्या दिवशीच्या ८३.१० या संदर्भ दराने आम्ही ९९,७२० रुपये विक्री म्हणून नोंदवले. जूनच्या मध्यात खात्यात ९७,५१६ रुपये ४२ पैसे जमा झाले. माझ्या जुन्या सवयीने भागाकार केला तर दर ८१.२६ येत होता, आणि त्या आठवड्यात बाजार तर ८३.४५वर होता. मी रागातच बँकेत गेलो आणि दराबद्दल तक्रार केली. तिथल्या अधिकाऱ्यांनी शांतपणे त्यांचा त्या दिवसाचा खरेदी दर ८२.९० दाखवला आणि सांगितले की त्यांच्याकडे मुळात १,१८२ डॉलरच पोचले होते.

मधले १८ डॉलर कुठे गेले, हे कळण्यासाठी आम्ही ग्राहकाकडून त्याच्या बँकेच्या स्विफ्ट संदेशाची, म्हणजे परदेशी रक्कम पाठवताना बँका एकमेकींना देतात त्या सूचनेची, प्रत मागवली आणि आमच्या बँकेकडे आलेल्या संदेशाशी ती ताडून पाहिली. तेव्हाच्या अशा संदेशात 33B या रकान्यात पाठवणाऱ्याने सांगितलेली रक्कम असे, 32A मध्ये बँकांनी आपसात प्रत्यक्ष चुकती केलेली रक्कम असे आणि 71A मध्ये शुल्क कोणी भरायचे ते असे. आमच्या संदेशात 33B मध्ये १,२००, 32A मध्ये १,१८२ आणि 71A मध्ये SHA असे होते. SHA म्हणजे पाठवणाऱ्याने आपल्या बँकेचे शुल्क भरायचे आणि पुढचे सगळे घेणाऱ्याने सोसायचे. मधल्या बँकेने आपले १८ डॉलर वाटेतच कापून घेतले होते. आमच्या बँकेचा यात काही दोष नव्हता, आणि मी दुसऱ्या दिवशी जाऊन तसे सांगून आलो.

मग ताईने २,२०३ रुपये ५८ पैशांची पूर्ण तूट चार ओळींत फोडली. वाटेत कापलेले १८ डॉलर बिलाच्या दराने १,४९५ रुपये ८० पैसे. बँकेचे आवक शुल्क २५० रुपये आणि त्यावरचा कर ४५, मिळून २९५. चलन रूपांतरावरचा जीएसटी १७६ रुपये ३८ पैसे. हा कर पूर्ण रकमेवर लागत नाही, तर एक लाखापर्यंतच्या रूपांतरात रकमेचा एक टक्का, पण किमान २५० रुपये, हे सेवेचे मूल्य मानून त्यावर १८ टक्के घेतात. (म्हणूनच पंचवीस हजारांपर्यंतच्या जमेला हा कर नेहमी ४५ रुपयेच असतो.) उरलेले २३६ रुपये ४० पैसे म्हणजे दरातला फरक.

ही शेवटची ओळ मला सर्वांत बोलकी वाटते. बिलाच्या दिवसापासून रक्कम येईपर्यंत बाजार ३५ पैशांनी आमच्या बाजूने गेला होता, म्हणजे १,१८२ डॉलरवर आमचा ४१३ रुपये ७० पैशांचा फायदा झाला होता. बँकेचा दर मात्र बाजारापेक्षा ५५ पैसे खाली होता, म्हणजे ६५० रुपये १० पैसे तिकडे गेले. दोन्हींची वजाबाकी २३६ रुपये ४० पैसे. बाजार आणखी २० पैसे चढला असता तर ही ओळ शून्य झाली असती आणि आम्हाला वाटले असते की रूपांतरासाठी काहीच खर्च झाला नाही. म्हणून आता आम्ही बाजाराची हालचाल आणि बँकेचा फरक वेगवेगळ्या रकान्यांत लिहितो.

कागदपत्रांचीही एक अडचण आली. मंचाकडून येणारी रक्कम अनेकदा त्याच्या भारतातल्या भागीदाराकडून साध्या एनईएफटीने रुपयांतच येते आणि बँकेच्या उताऱ्यात ती देशातली जमा वाटते. सेवेची निर्यात सिद्ध करायला पैसे परकीय चलनात आल्याचा पुरावा लागतो, म्हणून प्रत्येक रकमेमागे त्या भागीदाराकडून आवक सूचनापत्र, म्हणजे फिरा, काढून ठेवावे लागते आणि त्यावरचा P0802 हा सॉफ्टवेअर सल्लासेवेचा उद्देश संकेतांक तपासावा लागतो. एका वर्षाची पत्रे मागाहून गोळा करण्यात आमचा पूर्ण पंधरवडा गेला.

२०२५मध्ये आम्ही नोंदणी केली आणि मंचाला आमचा जीएसटी क्रमांक दिला. तेव्हापासून कमिशनवरचा १८ टक्के कर मंच कापत नाही. तो उलट आकारणीने आम्ही स्वतः भरतो आणि निर्यातदार म्हणून त्याचा परतावा मागतो. मेळाच्या डॉलर बाजूची एक ओळ कमी झाली आणि रुपयांच्या बाजूला एक वाढली.

एकदम मोठी रक्कम काढली तर खर्च वाचेल, ही माझी समजूत मात्र या मेळांनी मोडली. तसे केल्याने दर वेळचा एक डॉलर वाचतो, पण दीड टक्का प्रत्येक डॉलरवर असल्यामुळे तो तेवढाच जातो. जुन्या ग्राहकाला आम्ही पत्र लिहून 71A मध्ये OUR, म्हणजे सगळे शुल्क पाठवणाऱ्याने भरायचे हा पर्याय, निवडण्याची विनंती केली आणि त्याच्या बँकेचे वाढीव शुल्क बिलातून कमी करून दिले. त्याच्या पुढच्या बिलाचे १,२०० डॉलर आमच्या बँकेत १,२०० म्हणूनच पोचले.