यूपीएससीच्या फॉर्ममधले माध्यमाचे रकाने आणि माझे चार दिवस

फॉर्म भरायला चार दिवस लागले म्हटलं की लोक हसतात. नाव-गाव-जन्मतारीख वीस मिनिटांत झालं होतं, फोटोच्या साइजने अजून अर्धा तास खाल्ला, आणि मग मेन्सचं माध्यम, ऑप्शनल विषय आणि ऑप्शनलचं माध्यम इथे येऊन जी अडकले ती अडकलेच. मी भरला तेव्हा हे सगळं प्रिलिमच्या अर्जातच विचारत होते, म्हणजे प्रिलिम पास व्हायचा पत्ता नाही आणि मेन्स कोणत्या भाषेत लिहिणार ते आधी सांगा.

माझं दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग नागपुरातच बीए राज्यशास्त्र मराठीतून, पण एमएची पुस्तकं आणि नंतरच्या सगळ्या नोट्स इंग्रजी. त्यामुळे डोक्यात एक गणित पक्कं बसलं होतं की जीएस म्हणजे सामान्य अध्ययन इंग्रजीत लिहायचं कारण चालू घडामोडी इंग्रजी पेपरातून वाचते, आणि ऑप्शनल राज्यशास्त्र मराठीत लिहायचं कारण बीए मराठीत झालंय. अभ्यासिकेत शेजारी बसणारा मित्र म्हणाला, "काऊन डोकं लावून राहिली, मी पण तेच करून राहिलो, जीएस इंग्लिश आणि ऑप्शनल मराठी." झालं, मी निश्चिंत.

पण त्याचा ऑप्शनल होता मराठी साहित्य! साहित्याचा पेपर त्या त्या भाषेतच लिहावा लागतो, त्यामुळे जीएस इंग्रजी आणि साहित्य मराठी हे चालतं. राज्यशास्त्राला ते लागू नाही. नोटिफिकेशनमधला तो परिच्छेद मी तीनदा वाचला तेव्हा कळलं की ही सूट एकाच बाजूने आहे. निबंध आणि जीएस मराठीत लिहिणार असाल तर ऑप्शनल इंग्रजीत लिहायची मुभा आहे. उलटं नाही. जीएस इंग्रजीत घेतलं की साहित्य सोडून बाकी कोणताही ऑप्शनल इंग्रजीतच. म्हणजे माझं गणित नेमकं उलट्या बाजूला उभं होतं.

आता तीनच रस्ते उरले, सगळं इंग्रजी, सगळं मराठी, नाहीतर जीएस मराठी आणि राज्यशास्त्र इंग्रजी. मराठी साहित्य घेऊन मित्राच्या रस्त्याने जायचा मोह पण झाला, पण नेमलेली पुस्तकं शून्यातून वाचायची होती आणि तेवढा वेळ माझ्याकडे नव्हता, तो विषय तिथेच संपला. क्लासच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले मराठी माध्यम घेऊ नकोस, मटेरियल नाही. मटेरियल कमी आहे हे खरंच आहे, पण मटेरियल वाचायचं असतं आणि माध्यम लिहायचं असतं, वाचून इंग्रजीत आणि लिहून मराठीत हे जमतं की नाही हा खरा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर सरांकडे नव्हतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी घड्याळ लावून बसले. जीएसच्या पहिल्या तीन पेपरांपैकी एक पेपर म्हणजे तीन तासांत 20 प्रश्न, 10 प्रश्न दहा मार्कांचे 150 शब्दांत आणि 10 प्रश्न पंधरा मार्कांचे 250 शब्दांत. म्हणजे दहा मार्कांना साधारण सात मिनिटं आणि पंधराला अकरा. 73 व्या घटनादुरुस्तीनंतर ग्रामपंचायतींना पैशाची अडचण का राहिली असा पंधरा मार्कांचा प्रश्न घेतला आणि आधी इंग्रजीत, जेवण झाल्यावर मराठीत लिहिला. इंग्रजीला चौदा मिनिटं लागली आणि मुद्दे चार. मराठीला पावणेबारा मिनिटं, मुद्दे सहा. इंग्रजीत हात थांबत नव्हता, वाक्य थांबत होतं, प्रत्येक मुद्द्यापाशी "आता हे कसं म्हणू" असं होत होतं. मराठीत दुसऱ्यांदा लिहीत होते त्याचा फायदा झाला असेल म्हणून तिसऱ्या दिवशी नवीन प्रश्न घेऊन क्रम उलटा केला, आधी मराठी मग इंग्रजी. फरक कमी झाला पण मराठीच पुढे. एक गंमत म्हणजे मराठीत शब्द कमी भरतात, "ग्रामपंचायतींच्याकडून" हा एकच शब्द धरला जातो आणि इंग्रजीत त्याचे तीन-चार होतात, त्यामुळे 250 शब्द भरत नाहीत म्हणून घाबरायचं कारण नाही.

मग राज्यशास्त्राचा एक प्रश्न घेतला, न्यायाची संकल्पना वगैरे. इथे निकाल पूर्ण फिरला. विचारवंतांची वाक्यं, संज्ञा, टीका सगळं माझ्या डोक्यात इंग्रजीत बसलेलं, मराठीत लिहिताना मी भाषांतरच करत होते. तांत्रिक संज्ञेचं इंग्रजी रूप कंसात द्यायला परवानगी आहे, पण फक्त संज्ञेचं, आणि त्याचा गैरवापर केला तर मार्क कापतात. माझ्या उत्तरात दर ओळीला कंस येत होता, म्हणजे भाषाच बदलायला हवी होती.

अजून एक गोष्ट जी मला आधी कोणी सांगितली नव्हती. मराठी माध्यम घेतलं तरी जीएसची प्रश्नपत्रिका मराठीत नसते, ती हिंदी आणि इंग्रजीतच येते. नागपूरकराला वाटतं हिंदी म्हणजे घरचीच, बर्डीच्या बाजारात अख्खा दिवस हिंदीत जातो आपला, पण पेपरातली हिंदी वेगळी आहे. "आपत्ति" वाचलं की माझ्या डोळ्यापुढे पूर-भूकंप येतो आणि हिंदीत त्याचा अर्थ आक्षेप असा असतो, "शिक्षा" म्हणजे तर शिक्षणच. म्हणून ठरवलं की प्रश्न इंग्रजीत वाचायचा आणि उत्तर मराठीत लिहायचं, सरावही तसाच करायचा.

बाबांची चिंता निराळीच, मुलाखत पण मराठीतच द्यावी लागेल का. तर नाही, मेन्स मराठीत लिहिली असली तरी मुलाखतीला मराठी, हिंदी किंवा इंग्रजी निवडता येते. आणि भाषेचा जो सक्तीचा 300 मार्कांचा पेपर असतो त्याला मराठी घेतलं, तो फक्त पास व्हायचा असतो, पण 75 मार्क आले नाहीत तर बाकीच्या पेपरांचे मार्क धरतच नाहीत, म्हणून तिथे उगाच प्रयोग नको.

चौथ्या दिवशी घरचं नेट गेलं म्हणून सायबर कॅफेत गेले. तिथल्या दादाने पटापट भरलं, ऑप्शनलचं माध्यम इंग्रजी सांगितलं तर त्याने वरचं मेन्सचं माध्यम पण इंग्रजी करून टाकलं, "दोन्ही सेमच असते ना मॅडम." प्रिव्ह्यूत दिसलं म्हणून बरं. फॉर्म सबमिट केल्यावर बदलायची सोय त्या वर्षीच्या नोटिफिकेशनमध्ये दिली असेल तेवढीच, त्या भरवशावर कोण राहणार. मी त्याला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसून एकेक रकाना बोट ठेवून वाचला, भाषेचा पेपर मराठी, मेन्स मराठी, ऑप्शनल राज्यशास्त्र, त्याचं माध्यम इंग्रजी, प्रिलिमचं केंद्र नागपूर. मुलींना 100 रुपये फी माफ असते, दादाने मात्र फॉर्मचे दीडशे घेतले.